दुवादर्शक शब्द (मराठी भाषकांच्या इंग्रजी लेखनातील)

‘हाऊएव्हर’, ‘मोअरओव्हर’ आणि ‘देअरफोर’ हे औपचारिक इंग्रजीत मागच्या विधानाशी नाते दाखवणारे शब्द. मराठी व्याकरण पण, शिवाय, म्हणून यांना उभयान्वयी अव्यये मानते आणि ती दोन वाक्ये खरोखर जोडतात. इंग्रजीतले हे तिन्ही शब्द मात्र क्रियाविशेषणे आहेत. ते नाते सांगतात, सांधा जुळवत नाहीत.

भंडारा जिल्ह्यातल्या धानाचेच उदाहरण घेऊ. ‘पाऊस उशिरा आला, पण रोवणी झाली’ हे मराठीत निर्दोष. त्यातल्या ‘पण’च्या जागी विद्यार्थी ‘हाऊएव्हर’ ठेवतो, आधी स्वल्पविराम देतो आणि इंग्रजी वाक्य बिघडते. तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, शब्दानंतर स्वल्पविराम. ओळखायची खूण सोपी आहे: ‘हाऊएव्हर’ आपल्या वाक्याच्या मध्ये किंवा शेवटी सरकवता येतो, ‘बट’ तसा सरकत नाही.

दुसरी चूक जोडीची. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच. त्याच सवयीने ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘हाऊएव्हर’ही येतो, ‘बिकॉज’मागोमाग ‘देअरफोर’ येतो. इंग्रजीत एकच पुरतो.

‘मोअरओव्हर’चा अतिरेक निबंधात जास्त. तलाव भरला, मोअरओव्हर शाळा सुरू झाली, असे लिहिणे फोल. दुसरे विधान पहिल्याच मुद्द्याला बळ देत असेल तरच तो शोभतो. एरवी साधा ‘अँड’ बरा.