क्लाउड स्टोरेजमधून स्ट्रीमिंग आणि डाउनलोड

क्लाउड स्टोरेजमध्ये साठवलेले गाणे किंवा चित्रफीत मोबाइलवर दोन प्रकारे वाजवता येते. फाइल थेट सर्व्हरवरून थोडीथोडी मागवत वाजवणे म्हणजे स्ट्रीमिंग. ती आधी संपूर्ण उतरवून फोनच्या साठवणीतून वाजवणे म्हणजे डाउनलोड. स्ट्रीमिंगला कमी डेटा लागतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. मात्र तीच फाइल एकदा पूर्ण ऐकायची असेल, तर दोन्ही प्रकारांत जवळजवळ तितकाच डेटा खर्च होतो. फाइल किती वेळा वाजवली जाते आणि सर्व्हर मूळ फाइल पाठवतो की तिची लहान आवृत्ती, या दोन गोष्टींवर खरा फरक ठरतो.

== पार्श्वभूमी ==

स्वतःच्या मालकीचे संगीत दूरच्या सर्व्हरवरून ऐकण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमपीथ्री डॉट कॉम या संकेतस्थळाने जानेवारी २००० मध्ये अशी सेवा सुरू केली होती. स्वामित्वहक्काच्या दाव्यात ती हरली. २०११ मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिन्ही कंपन्यांनी अशा सेवा आणल्या. त्यांपैकी गूगलची सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली. संगीतासाठी खास सेवा नसली तरी गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांसारख्या सर्वसाधारण साठवणीत ठेवलेल्या फाइलीही वाजवता येतात. पुढील विवेचन मुख्यतः अशा फाइलींविषयी आहे.

== कार्यपद्धती ==

स्ट्रीमिंग आणि डाउनलोड या तांत्रिकदृष्ट्या फार वेगळ्या क्रिया नाहीत. दोन्हींत फोन सर्व्हरकडे एचटीटीपी विनंती पाठवतो. स्ट्रीमिंग करणारा प्लेयर मात्र संपूर्ण फाइलीऐवजी तिचा ठराविक भाग मागू शकतो. ३२० किलोबिट प्रतिसेकंद दराचे पाच मिनिटांचे एमपीथ्री गाणे साधारण १ कोटी २० लाख बाइटचे, म्हणजे १२ मेगाबाइटचे असते. ऐकणाऱ्याने त्यात १ मिनिट ४० सेकंदांवर उडी मारली, तर प्लेयर साधारण अशी विनंती पाठवतो:

```
GET /gani/gane.mp3 HTTP/1.1
Host: example.com
Range: bytes=4000000-
```

सर्व्हरला अशी विनंती समजत असेल, तर तो `206 Partial Content` असे उत्तर देऊन तेथून पुढचा भाग पाठवतो. समजत नसेल, तर `200 OK` म्हणून फाइल पहिल्या बाइटपासून पाठवू लागतो आणि मधल्या भागाचा डेटा अकारण खर्च होतो. अर्धवट तुटलेले डाउनलोड पुढे चालू होणे किंवा पुन्हा शून्यापासून सुरू होणे, हेही याच उत्तरावर अवलंबून असते.

प्लेयर ऐकण्याच्या जागेपेक्षा थोडा पुढचा भाग आधीच आणून ठेवतो. त्याला बफर म्हणतात. गाणे मध्येच बदलले की हा आणलेला भाग वाया जातो. दर अर्ध्या मिनिटाला गाणे बदलणाऱ्यास म्हणूनच ऐकलेल्या वेळेच्या मानाने बराच जास्त डेटा लागतो. पण एखादे गाणे आवडते का, एवढेच पाहायचे असेल, तर संपूर्ण फाइल उतरवण्यापेक्षा स्ट्रीमिंगच स्वस्त पडते.

== गाण्यांचे उदाहरण ==

एखाद्या व्यक्तीने ड्राइव्हवर वरील प्रकारची ४० गाणी ठेवली आहेत आणि ती रोजच्या प्रवासात एक तास, म्हणजे १२ गाणी ऐकते, असे समजू. रोजचा खर्च १४४ मेगाबाइट होईल. २८ दिवसांच्या रिचार्जमध्ये ३३६ वेळा गाणी वाजतील आणि सुमारे ४ गिगाबाइट डेटा लागेल. हीच ४० गाणी एकदा उतरवली, तर एकूण ४८० मेगाबाइट पुरतात. वायफायवर उतरवली, तर मोबाइल डेटा मुळीच लागत नाही. डाउनलोडचा फायदा प्रत्येक गाणे दुसऱ्यांदा वाजते तेव्हापासूनच सुरू होतो.

काही ॲप वाजवलेली फाइल कॅशमध्ये तात्पुरती ठेवतात. त्यामुळे लगेच दुसऱ्यांदा ऐकताना डेटा लागत नाही. मात्र फोनमधील जागा कमी पडली की कॅश कोणतीही सूचना न देता रिकामी होते. तिच्यावर विसंबणे योग्य नाही. ड्राइव्हच्या ॲपमध्ये फाइल ऑफलाइन उपलब्ध करण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. फाइलींची देवाणघेवाण फक्त वायफायवरूनच व्हावी, अशी सेटिंगही त्यात आहे.

भारतातील अनेक प्रीपेड योजनांत दिवसाला १.५ किंवा २ गिगाबाइट अशी मर्यादा असते. ती संपल्यावर वेग बहुधा ६४ किलोबिट प्रतिसेकंदावर येतो. या वेगाने वरील पाच मिनिटांचे गाणे पूर्ण यायला २५ मिनिटे लागतात. अशा वेळी गाणे दर काही सेकंदांनी थांबते आणि दोष प्लेयरचा किंवा नेटवर्कचा वाटतो. दैनंदिन मर्यादेत उरलेला डेटा बहुतेक योजनांत दुसऱ्या दिवशी मिळत नाही. त्यामुळे रात्री उरलेल्या डेटातून उद्याची गाणी उतरवून ठेवणे हिशेबाला धरून आहे.

== चित्रफितींचा वेगळा हिशेब ==

चित्रफितींत हे गणित उलटे होऊ शकते. लग्नसमारंभाची दोन तासांची चित्रफीत १० मेगाबिट प्रतिसेकंद दराची असेल, तर तिचा आकार ९ गिगाबाइट होतो. ती जशीच्या तशी उतरवायची, तर दिवसाला दीड गिगाबाइटची योजना सहा दिवस खर्ची पडते. गूगल ड्राइव्ह मात्र अपलोड झालेल्या चित्रफितीच्या कमी स्पष्टतेच्या आवृत्त्याही तयार करतो. (अपलोडनंतर काही काळ चित्रफितीवर प्रक्रिया चालू असल्याचा संदेश दिसतो, तो यामुळेच.) त्यांपैकी सुमारे १ मेगाबिट दराची आवृत्ती फोनवर पाहिली, तर ९०० मेगाबाइट लागतात. मूळ फाइल उतरवणे फायद्याचे ठरण्यासाठी ती चित्रफीत दहाहून अधिक वेळा पाहावी लागेल आणि इतक्यांदा लग्नाची चित्रफीत सहसा कोणी पाहत नाही.

हा फायदा सेवेच्या स्वतःच्या प्लेयरपुरताच आहे. क्लाउड खाते जोडलेला एखादा स्वतंत्र प्लेयर बहुधा मूळ फाइलच मागवतो आणि तेथे ९ गिगाबाइटच खर्च होतात. अशा वेळी संगणकावर चित्रफितीची लहान आवृत्ती करून तीच साठवणीत ठेवणे बरे.

एमपी४ फाइलींत आणखी एक अडचण येते. फाइलीतील कोणता भाग कोठे आहे याची सूची `moov` नावाच्या विभागात असते. पुष्कळ कॅमेरे हा विभाग फाइलीच्या शेवटी लिहितात. चांगला प्लेयर आधी शेवटचा भाग मागवून घेतो. साधा प्लेयर संपूर्ण फाइल येईपर्यंत पडदा काळाच ठेवतो. चित्रफीत सुरू होत नसताना डेटा झपाट्याने कमी होत असेल, तर हे कारण तपासावे. पुढील आदेशाने दर्जा न बदलता ती सूची आरंभी आणता येते:

```
ffmpeg -i lagna.mp4 -c copy -movflags +faststart lagna2.mp4
```

== खर्चाची पडताळणी ==

अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपचा मोबाइल डेटा वेगळा दाखवला जातो. वायफाय बंद करून हा आकडा लिहून ठेवावा, एक फाइल शेवटपर्यंत वाजवावी आणि आकडा पुन्हा पाहावा. फरक फाइलीच्या आकाराइतका किंवा त्याहून काही टक्के जास्त असेल, तर मूळ फाइल येत आहे. जास्तीचा भाग जोडणीच्या व सांकेतीकरणाच्या माहितीचा असतो. फरक बराच कमी असेल, तर लहान आवृत्ती वाजत आहे किंवा फाइल कॅशमधून येत आहे. कॅश रिकामी करून तीच चाचणी पुन्हा केली की यांपैकी कोणते कारण खरे, ते कळते.