टीव्हीवरच्या मुंग्या आणि पणतीची शेपूट

स्नेहसंमेलनात मंचावरचे दिवे मालवून पणत्यांचे नृत्य बसवण्याची पद्धत बऱ्याच शाळांत आहे. अशा नृत्याची मोबाइलवर घेतलेली चित्रफीत एकदा सावकाश पाहा. मागचा पडदा आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ दिसतो. पण मुलीचा हात वेगाने फिरला की त्याच्यामागे एक फिकट शेपूट ओढली जाते आणि कधी कधी हातातून आरपार पडदाच दिसतो. आपण म्हणतो, मोबाइलचा कॅमेरा साधारणच आहे. खरे तर कॅमेऱ्याने जाणूनबुजून केलेल्या एका सौद्याचा हा परिणाम आहे, आणि हा सौदा १९७०च्या दशकात दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी केला तेव्हा मोबाइलचा पत्ताही नव्हता.

रिमझिम पावसात अंगणात सारख्या आकाराच्या वाट्या ओळीने ठेवल्या आणि मिनिटाभराने उचलल्या, तर प्रत्येकीत सारखेच थेंब सापडणार नाहीत. सरासरी २५ थेंब असतील तर एखादीत २०, दुसरीत ३१ निघतील. फोटॉनचेही तसेच आहे. सरासरी N फोटॉन पडत असतील तर संख्येतला चढउतार साधारण √N इतका असतो. अंधारात एका पिक्सेलला एका फ्रेममध्ये २५ फोटॉन मिळाले तर चढउतार ५ चा, म्हणजे २० टक्के. एकसारखी भिंतसुद्धा मग वळवळणाऱ्या दाण्यांनी भरून जाते. अँटेनावर दूरदर्शन पाहिलेल्या पिढीने सिग्नल क्षीण झाला की ज्यांना 'मुंग्या' म्हटले, तसेच काहीसे हे दृश्य असते, जरी तिथल्या मुंग्यांचे मूळ निराळे होते.

उपाय उघड आहे. भिंत हलत नसेल तर १६ फ्रेमची सरासरी घ्यावी. एकूण ४०० फोटॉन, चढउतार २०, म्हणजे अवघे ५ टक्के. अडचण होती ती फ्रेम साठवण्याची. अमेरिकेतील रंगीत चित्रात सेकंदाला सुमारे १ कोटी ७ लाख नमुने घेतले तर एका फ्रेमचे जवळजवळ ३ लाख ५८ हजार नमुने होतात. प्रत्येकाला ८ बिट धरले, तर १९७३च्या सुमारास आलेल्या ४ किलोबिटच्या सुमारे ७०० स्मृतिचिप एका फ्रेमला लागल्या असत्या. १९७६ साली १६ किलोबिटची चिप आली आणि हा आकडा पावणेदोनशेवर उतरला. एक फ्रेम साठवणे आवाक्यात आले, सोळा नव्हे.

म्हणून अभियंत्यांनी एकाच फ्रेमच्या जागेत भागवणारी युक्ती वापरली. सीबीएसच्या तंत्रज्ञान केंद्रातील आर. एच. मॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यंत्राचे वर्णन १९७८ साली प्रसिद्ध केले. युक्तीचा गाभा एका ओळीत मांडता येतो:

नवे साठवलेले चित्र = ७/८ × जुने साठवलेले + १/८ × आत्ता आलेले

हे दर फ्रेमला करत गेले की साठ्यात कितीतरी जुन्या फ्रेमचा अंश मुरत राहतो. विरजण लावताना आपण आदल्या दिवशीच्या दह्यातले थोडे घेतो, तसेच हे. गणित केले तर चढउतार जवळजवळ चौथाईवर येतो, म्हणजे १५ फ्रेमच्या साध्या सरासरीइतका लाभ एका फ्रेमच्या स्मृतीत मिळतो.

किंमत कुठे मोजावी लागते ते पाहा. साध्या सरासरीत सोळा फ्रेमनंतर जुने चित्र पूर्ण पुसले जाते. इथे ते दर फ्रेमला ७/८ पट होते, शून्य कधीच होत नाही. पाच फ्रेमनंतर निम्मे उरते, अठरा फ्रेमनंतर ९ टक्के. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर अठरा फ्रेम म्हणजे ०.६ सेकंद; तेवढ्या वेळात सेकंदाला १.२ मीटर चालणारी मुलगी ७० सेंटिमीटर पुढे गेलेली असते. पणतीची ज्योत पार्श्वभूमीहून १९० एककांनी उजळ असेल तर ९ टक्के म्हणजेही १७ एकके. पडदा स्वतः १० एककांचा असेल, तर ही शेपूट पडद्याहून उजळ दिसणारच. उलट, पुढच्या बाजूला नव्याने आलेला हात पहिल्या फ्रेममध्ये एक-अष्टमांशच उमटतो. म्हणून तो पारदर्शक दिसतो.

यात एक गंमतशीर दोषही दडलेला आहे. साठ्यात १०५ आहे आणि खरे मूल्य १००. फरक ५, त्याचा अष्टमांश ०.६. साठ्यात अपूर्णांकाला जागा नसेल आणि तो टाकून दिला, तर दुरुस्ती शून्य! १०५ तिथेच अडकते आणि भूत कायमचे बसते. यासाठी साठ्यातल्या प्रत्येक नमुन्याला काही जादा बिट द्यावे लागतात.

शेपूट टाळायची तर हालचाल ओळखून तिथे मिसळण थांबवावी लागते. नव्या आणि जुन्या मूल्यांतला फरक मोठा असेल तर हालचाल, लहान असेल तर नुसता चढउतार. पण सीमा कुठे आखायची? आपल्या उदाहरणात स्थिर भिंतीवरही हा फरक साधारण ५ च्या घरात असतो. सीमा त्याच्या तिप्पट, १५ ठेवली, तर भिंतीहून १० एककांनीच वेगळा असलेला गडद कोट हलला तरी कळत नाही आणि त्याची शेपूट राहते. सीमा १० वर आणली, तर २० लाख पिक्सेलच्या चित्रात दर फ्रेमला ९० हजारांहून अधिक स्थिर पिक्सेल 'हलले' असे ठरतात आणि मुंग्या परततात. म्हणजे अंधारात, जिथे सफाईची गरज सर्वांत अधिक, तिथेच हालचाल ओळखणे सर्वांत अवघड.

एकेका पिक्सेलऐवजी ५×५ पिक्सेलच्या चौकोनाची सरासरी ताडून पाहिली तर चढउतार पाचपट घटून १ वर येतो आणि तो कोट सहज ओळखू येतो. मात्र चौकोन कोटाच्या कडेबाहेर पसरतो, तिथे सफाई थांबते, आणि चालणाऱ्या माणसाभोवती मुंग्यांची झालर दिसू लागते. भुतापेक्षा ही झालर मला तरी परवडते.

१९८४ साली दुब्वा आणि साब्री यांनी पुढची वाट दाखवली. वस्तू कुठून कुठे सरकली ते शोधून जुने चित्र तितकेच सरकवावे आणि मग मिसळावे. आजच्या मोबाइलमध्येही मूळ कल्पना हीच. हाताचा थरथराट ओळखायला जायरोस्कोप मदत करतो, उरलेली हालचाल चित्राचे तुकडे जुळवून शोधली जाते. तरीही नर्तिका सरकल्यावर तिच्यामागचा जो पडदा नव्याने उघडा पडतो, त्याचा भूतकाळ साठ्यात नसतोच. तिथे एक तर मुंग्या किंवा भूत. रात्रीच्या स्थिर छायाचित्रात, उदाहरणार्थ २०१८ साली आलेल्या गूगलच्या 'नाइट साइट'मध्ये, अनेक फ्रेम जुळवून एकच चित्र बनते आणि त्यावर विचार करायला सवड असते. सलग चित्रफितीला प्रत्येक फ्रेममागे सेकंदाचा तिसावा भागच मिळतो.

वर्गात हे तपासता येईल. खोलीत अंधार करून बारीक टॉर्च आडवी फिरवा, एकदम थांबवा आणि दुसऱ्याला मोबाइलवर चित्रण करू द्या. नंतर चित्रफीत एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. ज्या फ्रेममध्ये टॉर्च थांबली, तिच्या पुढच्याच फ्रेममध्ये पट्टा नाहीसा झाला, तर तो फ्रेम टिपायला लागलेल्या वेळेमुळे आलेला साधा अस्पष्टपणा होता. टॉर्च स्थिर असूनही मागची शेपूट जागच्या जागी पाच-सात फ्रेम विरत गेली, तर ती साठ्यातली आहे. दोन लागोपाठच्या फ्रेममध्ये शेपटीची उजळता मोजून गुणोत्तर काढले, तर मोबाइल जुन्या चित्राचा किती भाग राखतो याचा ढोबळ अंदाजही येईल. नंतर खोलीतला दिवा लावून हाच प्रयोग पुन्हा करा आणि गुणोत्तर बदलते का ते पाहा.