गावाकडची बोली संवादात कशी लिहायची? पात्रांचं हसं न होऊ देता

गावातल्या नाटकात किंवा मालिकेत शेतकरी तोंड उघडतो आणि 'आवं', 'बगा', 'न्हाय', 'म्या' हे चार शब्द हमखास ऐकू येतात. गाव साताऱ्यातलं असो की अकोल्यातलं, फरक पडत नाही. प्रेक्षक हसतात, पण बऱ्याचदा ते विनोदाला नाही, तर त्या माणसाच्या बोलण्यालाच हसत असतात.

असं का होतं आणि ते कसं टाळायचं, हे एका बोलीच्या उदाहरणातून पाहू. त्यासाठी अकोला परिसरातली वऱ्हाडी घेऊ.

आधी गाव ठरवा

'ग्रामीण मराठी' नावाची एकच बोली कुठेही बोलली जात नाही. प्रमाण मराठीतलं 'मला' वऱ्हाडीत 'मले' होतं, अहिराणीत 'माले' आणि मालवणीत 'माका'. रंगमंचावर सर्रास ऐकू येणारी खेडवळ भाषा ही बरीचशी पश्चिम महाराष्ट्राच्या बोलण्यावरून घेतलेली आहे. वगनाट्य आणि ग्रामीण चित्रपटांमुळे ती सगळ्यांच्या कानावर आहे. तीच अकोल्यातल्या पात्राच्या तोंडी घातली की तिथल्या प्रेक्षकाला पहिल्याच वाक्यात कळतं, लेखक इथं आलेला नाही.

म्हणून संहितेच्या पहिल्या पानावर जिल्हा आणि शक्य असेल तर तालुकाही लिहून ठेवावा. नंतरचा प्रत्येक शब्द त्याच्याशी ताडून पाहता येतो.

बोली उच्चारात कमी, व्याकरणात जास्त

सगळ्यात सोपी पण फसवी पद्धत म्हणजे प्रमाण मराठीत वाक्य लिहायचं आणि मग 'ण'चा 'न' करायचा, दोन-तीन शब्द मोडायचे. वऱ्हाडीत अनेक जण 'पानी' म्हणतात हे खरंच आहे. पण फक्त तेवढंच लिहिलं तर ती बोली वाटत नाही, चुकीची मराठी वाटते.

इथे एक अन्यायही होतो. शहरातला माणूस 'म्हणजे'चा उच्चार 'म्हंजे' करतो, तरी त्याचे संवाद नीटनेटक्या लेखनात येतात. शेतकऱ्याचा मात्र प्रत्येक उच्चार जसाच्या तसा लिहिला जातो. एकाच पानावर दोन मापं लावली की एक पात्र शहाणं आणि दुसरं अडाणी दिसू लागतं.

त्यापेक्षा बोलीच्या रचनेतल्या चार-पाच गोष्टी निवडाव्यात आणि त्या सगळीकडे सारख्या वापराव्यात. वऱ्हाडीसाठी अशी यादी करता येईल : 'मला, तुला'ऐवजी 'मले, तुले'. 'काय करतोयस'ऐवजी 'काय करून रायला'. 'का'ऐवजी 'काहून'. 'मिळालं'ऐवजी 'भेटलं', मग ते पैसे असोत की नोकरी. पुढे कधीतरी करायच्या गोष्टीसाठी 'येजो', आदरानं 'येजा'. बाईला उद्देशून बोलताना वाक्यात येणारा 'व'. एवढ्यावर बोली उभी राहते. उच्चार नटावर सोडता येतो.

एकच माणूस सगळीकडे सारखं बोलत नाही

पात्रांचं व्यंगचित्र होण्यामागचं मोठं कारण हेच असतं. संहितेतला शेतकरी घरात, बाजारात आणि बँकेत एकाच सुरात बोलतो. खरा माणूस साहेबासमोर प्रमाण मराठीच्या जवळ सरकतो, घरात मोकळा होतो आणि राग आला की साहेबासमोरही बोलीत येतो. लेखकासाठी हा फार उपयोगी धागा आहे.

समजा, पंचावन्न वर्षांचा कापूस उत्पादक शेतकरी आणि कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी पीककर्जासाठी बँकेत आले आहेत. अधिकारी कोरा अर्ज पुढे करतो. ठरावीक पद्धतीनं लिहिलं तर शेतकरी म्हणेल :

'आवं सायेब, आमी अडानी मान्सं. आमाला काय कळतंय बगा! तुमीच काय ते लिवा.'

आता तोच प्रसंग असा :

अधिकारी : काका, इथे सही करा. बाकीचं आम्ही भरून घेतो.
शेतकरी : साहेब, रकान्यात आकडा नाही टाकला तुम्ही. तो टाका, मग सही करतो.
अधिकारी : ते नंतर होतं हो. सगळेच करतात.
शेतकरी (मुलीकडे वळून) : काय म्हणून रायले व हे? आकडा काहून नाई टाकत?
मुलगी : बाबा, सही नका करू. (अधिकाऱ्याला) सर, आकड्याशिवाय सही होणार नाही.
अधिकारी : मग कर्ज लांबेल.
शेतकरी : लांबू द्या. मांगच्या वर्षी बी असंच म्हनलं होतं. मले पैसा भेटला नाई, नोटीस मात्र भेटली.

पहिल्या वाक्यात शेतकरी जपून बोलतो, त्यात वऱ्हाडी जवळजवळ नाही. मुलीकडे वळताच 'रायले', 'व', 'काहून' येतात. मुलगी एका श्वासात बापाशी एक आणि अधिकाऱ्याशी दुसरं बोलते. शेवटी शेतकरी थेट साहेबाला 'मले' म्हणतो. त्याची भीड मोडली आहे हे प्रेक्षकाला त्या एका शब्दातून कळतं. सगळे संवाद पहिल्यापासून गच्च वऱ्हाडीत असते, तर हा क्षण हाती लागला नसता.

प्रेक्षकाला कळेल का?

ही शंका नेहमी येते. गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक 'वस्त्रहरण' मुंबईच्या रंगभूमीवर मालवणी न बोलणाऱ्यांनीही डोक्यावर घेतलं. प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळायची गरज नसते, पण प्रसंग कळायला हवा. एका वाक्यात एकच अनोळखी शब्द ठेवावा आणि त्याचा अर्थ समोरच्या कृतीतून किंवा उत्तरातून उलगडू द्यावा. ज्या शब्दावर कथेचं वळण अवलंबून आहे तो मात्र सगळ्यांना समजणाराच हवा. वरच्या प्रसंगात तो 'आकडा' आहे.

चुकलंय हे कसं ओळखायचं?

तीन तपासण्या पुरतात. पहिली, संवाद प्रमाण मराठीत लिहून पाहा. वरच्या ठरावीक संवादात मग उरतं फक्त 'आम्ही अडाणी'. दुसऱ्या प्रसंगात कोऱ्या अर्जाचा धोका तसाच उभा राहतो. बोली काढल्यावर विनोदही गेला, तर तो विनोद माणसाच्या बोलण्यावरच होता.

दुसरी, पात्रांची नावं झाकून वाचा. गावातली सगळी माणसं एकसारखी बोलत असतील, तर लेखकानं माणसं लिहिलेली नाहीत, नुसतं 'गाव' लिहिलं आहे. वय, शिक्षण, जात, बाहेरगावी घालवलेली वर्षं यांनी एकाच गल्लीतलं बोलणं बदलतं.

तिसरी, त्या भागातल्या माणसाकडून संहिता मोठ्यानं वाचून घ्या. 'बरोबर आहे का?' असं विचारलं की बहुतेक जण भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी 'हे वाक्य तुमच्याकडे कोण बोलेल?' असं विचारावं. 'म्हातारी बोलेल, पोरगी नाही बोलणार' असं उत्तर आलं, तर वाक्य कुणाच्या तोंडी द्यायचं तेही कळतं. वाचणारा अडखळला किंवा शब्द आपोआप बदलून गेला, तर त्यानं उच्चारलेला शब्द लिहून घ्यावा. बहुतेक वेळा तोच योग्य असतो.