ठराव क्रमांक चार — पण कोणता?

आपल्या सोसायटीच्या इतिवृत्त वह्या आज कपाटात नीट लावलेल्या दिसतात. पण सुरुवातीची काही वर्षं त्यांत काही शोधायचं म्हणजे अंगावर काटा यायचा.

मी सेक्रेटरी झालो त्या पावसाळ्यात गच्ची गळू लागली. वॉटरप्रूफिंगची पाच वर्षांची गॅरंटी होती आणि कंत्राटदाराच्या बिलातली काही रक्कम राखून ठेवायची, असं समितीत ठरलं होतं. बिलाच्या कागदावर शेरा होता, ‘ठराव क्र. ४ प्रमाणे’. वही उघडली, तर प्रत्येक सभेत एक ठराव क्र. ४! दोन रात्री चाळल्यावर हवा तो सापडला. पुढच्या तीन सभांत तोच विषय कधी क्र. २, कधी क्र. ६, तर एकदा ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आला होता. त्यामुळे रक्कम शेवटी दिली की नाही, हेच कळेना.

तेव्हा समितीतल्या एका निवृत्त हेडक्लार्क काकांनी पद्धत घालून दिली. विषयाचा क्रमांक असा: व्य/२०१२-१३/०७/३. म्हणजे व्यवस्थापक समिती, त्या वर्षाची सातवी सभा, तिसरा विषय. सर्वसाधारण सभेसाठी ‘व्य’ऐवजी ‘स’. विषय पुढे ढकलला किंवा रद्द झाला, तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

खरी मेख होती ‘मागील सभेतून उद्भवणारे विषय’ यात. आधी आम्ही तिथे दर वेळी नवा क्रमांक द्यायचो आणि साखळी तुटायची. काका म्हणाले, “अहो, मुलगा दुसरीत गेला म्हणून त्याचं नाव बदलता का?” तेव्हापासून आठव्या सभेतही तो विषय ०७/३ म्हणूनच लिहिला जातो आणि खाली फक्त नवी माहिती येते: तीन दरपत्रकं आली, निर्णय पुढील सभेत.

म्हणजे मागचा दुवा इतिवृत्तातच मिळतो. पुढचा दुवा मात्र तिथे लिहिता येत नाही, कारण कायम होऊन सही झालेल्या पानावर नंतर काही घालणं बरोबर नाही. त्यासाठी वेगळी सूची-वही केली. एका विषयाला एक ओळ: मूळ क्रमांक, तो पुन्हा कोणत्या सभांत आला आणि शेवटी ‘बंद’. जुन्या वह्यांना नवे क्रमांक दिले नाहीत. त्यांतले महत्त्वाचे ठराव तारीख आणि पान घालून त्याच सूचीत उतरवले.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. ‘बंद’ लिहायला विसरलं, तर संपलेला विषयही उघडाच दिसतो. म्हणून दर एप्रिलला सूची-वहीतल्या उघड्या ओळी समितीपुढे वाचायच्या. अशाच एका एप्रिलमध्ये पार्किंगच्या पट्ट्यांचा विषय निघाला. पट्टे कधीच मारून झाले होते, पण रंगाऱ्याचे पैसे द्यायचे राहिले होते! त्याला बोलावून ते दिले आणि मगच त्या ओळीपुढे ‘बंद’ लिहिलं.