पोस्टाच्या आरडीचं पासबुक कसं वाचायचं? एक हप्ता चुकला तर काय होतं?

आरडी म्हणजे आवर्ती ठेव. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आणि मुदत संपली की व्याजासह एकदम घ्यायची. पोस्टाच्या आरडीची मुदत 5 वर्षांची, म्हणजे 60 हप्त्यांची असते. पासबुकातल्या नोंदी एकसारख्या दिसत असल्याने बरेच जण शेवटची शिल्लक पाहून पासबुक मिटतात. चुकलेला हप्ता मात्र त्या शिलकेत पटकन दिसत नाही.

आधी पहिलं पान बघा

समजा, तुम्ही 10 जून 2024 रोजी महिना 2,000 रुपयांची आरडी सुरू केली. पहिल्या पानावरच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: खातं उघडल्याची तारीख, हप्त्याची रक्कम आणि मुदतपूर्तीची तारीख.

उघडल्याच्या तारखेवरून हप्त्याची शेवटची तारीख ठरते. खातं 1 ते 15 तारखेदरम्यान उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता 15 तारखेपर्यंत भरावा लागतो. 16 नंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मुभा असते. आपल्या उदाहरणात 15 तारीख लागू होते.

व्याजदरही याच तारखेला ठरतो. जून 2024 मध्ये तो 6.7 टक्के होता. पुढे सरकारने दर बदलला, तरी या खात्याला 5 वर्षं तोच दर मिळतो.

चुकलेला महिना कसा ओळखायचा?

खातं सुरू झालेला महिना धरून आजपर्यंतचे महिने मोजा, त्याला हप्त्याने गुणा आणि पासबुकातल्या जमा रकमांच्या बेरजेशी ताडून पाहा. जून ते सप्टेंबर हे 4 महिने झाले, म्हणजे जमा 8,000 हवी. ती 6,000 असेल तर एक हप्ता राहिला आहे. एजंटमार्फत भरत असाल तर त्यांच्या कार्डावरच्या सहीवर थांबू नका. पासबुकात नोंद कोणत्या तारखेला झाली, ते बघा.

दंड किती आणि तो कुठे वाढतो?

दंड दर 100 रुपयांना 1 रुपया असतो, म्हणजे 2,000 च्या हप्त्याला महिन्याला 20 रुपये. ऑगस्ट चुकला आणि सप्टेंबरमध्ये वेळेत दोन्ही हप्ते भरले, तर 4,020 रुपये द्यावे लागतील. यातले 4,000 ठेवीत जमा होतात. 20 रुपये दंडाचे असतात आणि ते मुदतीअखेर परत मिळत नाहीत.

आता समजा, सप्टेंबरमध्ये तुम्ही एकच हप्ता भरला. नियमानुसार आधी थकलेला हप्ता दंडासह घेतला जातो. त्यामुळे ही रक्कम ऑगस्टच्या नावावर जाते आणि सप्टेंबर थकीत राहतो. ऑक्टोबरचे पैसे सप्टेंबरला जातात. तुम्ही दर महिन्याला पैसे भरत असता, तरी प्रत्येक हप्ता महिनाभर उशिराचाच ठरतो. सप्टेंबर ते मे या 9 महिन्यांत असे 180 रुपये जातात. एकदाच दोन हप्ते भरले असते, तर काम 20 रुपयांत झालं असतं. पासबुकात किंवा पावतीवर दर महिन्याला दंड दिसत असेल, तर बहुतेक हीच साखळी चालू आहे असं समजा.

सलग 4 हप्ते थकले की खातं खंडित होतं. चौथा हप्ता चुकल्यापासून 2 महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू करता येतं. त्यानंतर त्यात नवे पैसे भरता येत नाहीत.

शेवटी हातात किती येतात?

व्याज दर तिमाहीला चक्रवाढ पद्धतीने मोजलं जातं. 60 हप्ते वेळेवर भरले, तर हिशेब असा:

- भरलेली रक्कम: 1,20,000 रुपये
- व्याज: सुमारे 22,732 रुपये
- मुदतपूर्तीची रक्कम: सुमारे 1,42,732 रुपये

हा आकडा सगळे 60 हप्ते भरले जातील असं धरून काढलेला असतो. हप्ते राहिले तर तो कमी होतो. राहिलेले हप्ते चारपेक्षा जास्त नसतील, तर तितकेच महिने मुदत वाढवून ते भरण्याची सोय आहे.

मुदतपूर्तीची तारीखही नीट लक्षात ठेवा. 3 वर्षांनंतर खातं मुदतीआधी बंद करता येतं. पण मुदतपूर्तीच्या एक दिवस जरी आधी बंद केलं, तरी 6.7 टक्क्यांऐवजी पोस्टाच्या बचत खात्याचा दर लागतो. आपल्या उदाहरणात ती तारीख 10 जून 2029 आहे. म्हणजे 9 जूनला पैसे काढले, तर 5 वर्षांच्या व्याजातला मोठा भाग जाईल.