तीन रकाने : कलावंताच्या परिचयपत्राचा इतिहास आणि त्याचे वाचन

श्रींच्या उत्सवात गायनाची बैठक ठरवावयाची म्हणजे पूर्वी एक निरोप्या धाडला की काम भागत असे. गायिका कोण, तिची आई कोणापाशी शिकली, तिच्या घरी कोणता उस्ताद तालीम देण्यास येतो, हे सर्व पंचक्रोशीला ठाऊक असे. कलावंताने आपली माहिती कागदावर मांडण्याचा प्रसंगच येत नसे. पुढे मैफल दरबारातून व देवालयाच्या चौकातून निघून तिकिटाच्या सभागृहात गेली, संगीतशाळा निघाल्या, नभोवाणी आली. आणि गायकाला न ओळखणारी माणसे त्याला बोलावू लागली. तेव्हापासून कलावंताचे परिचयपत्र जन्मास आले. आज उत्सव समितीच्या चिटणीसाकडे अशी पत्रे ढिगाने येतात. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य कारकुनीत गेल्यामुळे त्याला रकाने वाचण्याची सवय आहे, आणि समितीचा पत्रव्यवहार सांभाळताना ती उपयोगी पडली. त्या अनुभवाच्या आधारे, आपल्याच भूमीतील दोन थोर गायिकांचा दाखला घेऊन, हे पत्र कसे वाचावे याविषयी चार शब्द लिहीत आहे.

परिचयपत्राचा मथळा सामान्यतः गुरुपरंपरेचा असतो व त्याखाली तीन रकाने असतात : रागसंग्रह, मैफली आणि शिष्य. मथळ्यात गुरूंची चार-पाच नावे असली म्हणजे आपण भारावून जातो. वस्तुतः नावापुढे वर्षे नसतील तर त्या नावाचा अर्थ लागत नाही. फोंडे महालातील केरी गावच्या केसरबाई केरकर (1892–1977) यांचे उदाहरण घ्या. बालपणी काही महिने त्या अब्दुल करीम खाँ यांच्यापाशी शिकल्या. पुढे रामकृष्णबुवा वझे, बरकतुल्ला खाँ व भास्करबुवा बखले यांचीही तालीम त्यांना थोडथोडी मिळाली. ही चारही नावे मोठी आहेत, आणि कोणाही गायिकेने ती मिरवली असती तर असत्य ठरले नसते. परंतु केसरबाईंचे गाणे घडले ते 1921 पासून जयपूर-अत्रौली परंपरेचे अल्लादिया खाँ यांच्यापाशी, आणि ही तालीम 1946 साली खाँसाहेबांच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे चालली. मथळ्यातील पाच नावांपैकी वजन एकाचेच. म्हणून चिटणीसाने पहिला प्रश्न विचारावा तो असा : कोणापाशी, किती वर्षे, आणि समोर बसून की वर्गात?

आता पहिला रकाना, रागसंग्रहाचा. एका वर्षी आमच्याकडे आलेल्या पत्रात बेचाळीस रागांची नावे होती. समितीतील मंडळी प्रसन्न झाली. आमची बैठक पालखी देवळात परतल्यावर, रात्री दहाच्या सुमारास सुरू व्हावयाची होती. मी यादी समयाप्रमाणे वेगळी करून पाहिली. सकाळ-दुपारचे राग सतरा निघाले, सायंकाळचे व ऋतूचे मिळून दहा, आणि रात्रीचे पंधरा. बेचाळीसमधून आमच्या कामाचे पंधराच उरले. मग गायकाला नम्रपणे लिहिले की, या पंधरांपैकी ज्या रागांत आपण विलंबित व द्रुत अशा दोन्ही बंदिशी विस्ताराने गाता ते राग, त्यांचे ताल आणि लागणारा अंदाजे वेळ कळवावा. उत्तरात नऊ राग आले. यात गायकाची लबाडी मुळीच नव्हती. उरलेले सहा राग त्याला येत होते, परंतु एकेका द्रुत बंदिशीपुरते. राग ओळखणे, राग शिकणे आणि रागात पाऊण तास बसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यादीत त्या एकाच शाईने लिहिल्या जातात.

त्या नऊ रागांतून आम्ही बिहागडा व नायकी कानडा असे दोन निवडले, पुढे दोन नाट्यपदे आणि शेवटी भैरवी. दोन तासांच्या बैठकीला याहून अधिक लागत नाही. येथे घराण्याचाही विचार करावा लागतो. जयपूर-अत्रौलीचा गायक विलंबित ख्याल बहुधा त्रितालात, झपतालात वा रूपकात आणि काहीशा चढत्या लयीत गातो, म्हणून त्याचा राग अर्ध्या-पाऊण तासात पूर्णत्वास जातो. अतिविलंबित लयीत आलाप करणाऱ्या गायकाला तेवढाच वेळ दिला तर त्याची केवळ मांडणी होईल आणि श्रोता अर्धपोटी उठेल. शिवाय या परंपरेत सावनी, बसंती केदार, भूपनट, संपूर्ण मालकंस, रायसा कानडा असे अनवट आणि जोडराग पुष्कळ. ही नावे यादीला भारदस्त करतात. परंतु जोडरागाची खरी परीक्षा दोन राग कोठे सांधले आहेत ते कळू न देण्यात असते. ती कागदावर होत नाही. पूर्वीच्या एखाद्या बैठकीचे अखंड ध्वनिमुद्रण मागवून ऐकणे हाच उपाय. निवडक तुकडे जोडून पाठवलेले मुद्रण यासाठी निरुपयोगी होय.

दुसरा रकाना मैफलींचा. यात महोत्सवांची नावे, मानपत्रे, पदव्या आणि आकाशवाणीची श्रेणी असते. आकाशवाणीने 1952 पासून कलावंतांची ध्वनिचाचणी देशभर एका पद्धतीने घेण्यास प्रारंभ केला. तिच्या श्रेण्या बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा चढत्या आहेत. श्रेणीचा गुण असा की, ती ओळखीदेखीवर नव्हे तर चाचणीवर मिळते. तिची मर्यादा अशी की, ती ज्या वर्षी मिळाली त्या वर्षीच्या गळ्याची असते. म्हणून या रकान्यातही वर्ष पाहावे. वीस मैफलींची नावे असून मागील तीन वर्षांतील एकही नसेल, तर कारण विचारण्यात अविनय नाही.

केसरबाईंचा हा रकाना अद्वितीय होता. संस्थानिकांच्या दरबारांपासून मुंबई-कलकत्त्यापर्यंत त्यांच्या मैफलींची ख्याती होती. ‘सुरश्री’ ही पदवी कलकत्त्याच्या रसिकांनीच दिली. 1953 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1969 साली पद्मभूषण त्यांना लाभले. गळा पूर्ववत चालेनासा झाल्यावर ऐकणाऱ्याला कमी प्रतीचे ऐकवावयाचे नाही, या करारीपणाने त्यांनी साठच्या दशकाच्या पूर्वार्धात जाहीर गाणे थांबवले. त्यांच्या भैरवीची एक ध्वनिमुद्रिका 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. दुसरे यान 5 सप्टेंबरला निघाले आणि 16 सप्टेंबरला बाईंनी देह ठेवला.

आता तिसरा रकाना, शिष्यांचा. येथे केसरबाईंच्या नावापुढे एकच नाव लिहावे लागते : धोंडूताई कुलकर्णी. धोंडूताई कोल्हापूरच्या, अल्लादिया खाँचे पुत्र भूर्जी खाँ यांची तालीम घेऊन त्या बाईंपाशी आल्या होत्या. ज्या गायिकेने पंचवीस वर्षे विद्या घेतली तिने ती पुढे एकाच गळ्यात उतरवली. हा दोष म्हणून मी सांगत नाही. मैफलीसाठी जगलेल्या कलावंताला शिकवण्याचा धर्म जन्मतःच चिकटलेला नसतो. परंतु परिणाम मात्र ध्यानात घ्यावा. बाईंच्या गाण्यातून आपल्या हाती उरले आहे ते मुख्यतः तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या, थोडी खाजगी मुद्रणे, आणि 2014 साली निवर्तलेल्या धोंडूताईंनी पुढे जे शिकवले ते.

त्याच खाँसाहेबांच्या दुसऱ्या शिष्या कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर (1904–2001). त्यांचा मूळ गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येतो. मोगूबाईंची वाट नाटकमंडळींतून गेली. सांगलीस त्यांचा रियाज कानी पडून अल्लादिया खाँ स्वतःहून शिकवू लागले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. पुढे मुंबईत खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांची, आणि पुन्हा खुद्द खाँसाहेबांची तालीम त्यांना लाभली. त्यांनाही संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (1968) व पद्मभूषण (1974) मिळाले. परंतु त्यांचा तिसरा रकाना पाहा : कन्या किशोरी आमोणकर, कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, पद्मा तळवलकर, बबनराव हळदणकर. ही केवळ नावे नाहीत. यांतील प्रत्येकाने स्वतः मैफली गाजवल्या वा पुढे शिष्य तयार केले. हळदणकरांचे नाव तर आग्रा घराण्याचे खादिम हुसेन खाँ यांच्या शिष्यांतही येते. त्यांनी दोन्हीकडे मनोभावे विद्या घेतली, म्हणून दोन्ही याद्या खऱ्या. एक शिष्य दोन गुरूंच्या यादीत दिसला म्हणून संशय घेऊ नये. त्याने कोठे किती काळ काढला ते पाहावे.

या कसोटीवर अलीकडची पत्रे पारखावी लागतात. एका पत्रात ‘दोनशेहून अधिक शिष्य’ असे लिहिले होते. चौकशी केली तेव्हा ते एका वर्गात परीक्षेसाठी नाव घातलेले विद्यार्थी निघाले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा पायरीपायरीने देत विशारद पूर्ण होण्यास सुमारे सात वर्षे लागतात. त्या दोनशेंपैकी बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबले होते. त्यांना विद्यार्थी म्हणावे. शिष्य म्हणणे धाडसाचे. मी तेव्हापासून तीन गोष्टी लिहून मागवतो : पाच वर्षांहून अधिक शिकलेले किती, त्यांपैकी स्वतंत्र बैठक करणारे किती, आणि स्वतः शिकवणारे किती. पहिला आकडा लहान असला तरी चालेल. तिसरा शून्य नसावा.

अर्थात हे तिन्ही रकाने प्रत्येक प्रसंगी सारखे मोलाचे नसतात. उत्सवाच्या एका रात्रीसाठी गायक हवा असेल तर रागसंग्रह आणि ताज्या मैफली पाहाव्यात. शिष्य किती हा प्रश्न गैरलागू. देवालयाच्या आश्रयाने मुलांसाठी संगीतवर्ग काढावयाचा असेल तर मात्र पत्र शेवटून वाचावे. तेथे मानपत्रांची संख्या कामास येत नाही. आपल्या समित्यांकडून बहुधा उलट घडते. वर्गासाठी शिक्षक नेमताना आपण मैफलींची यादी पाहून मोहित होतो, मग शिक्षक दौऱ्यावर आणि वर्गाला कुलूप, अशी अवस्था होते. आमच्याच समितीने एकदा ही चूक केली आणि दोन वर्षांत चौदा मुलांचा वर्ग तिघांवर आला. त्या मुलांपैकी एकीचा गळा फार गोड होता. ती पुन्हा गाण्याकडे वळली नाही, याची रुखरुख मला आजही आहे.

केसरबाई आणि मोगूबाई यांपैकी थोर कोण, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि त्यात पडण्याचा माझा अधिकार नाही. त्या दोघींनी आपापले रकाने आयुष्य वेचून भरले आणि न भरलेला रकाना खोट्या नावांनी सजवला नाही, एवढेच मी म्हणेन. यंदाच्या उत्सवासाठी आलेली पत्रे कपाटातील निळ्या फायलीत लावलेली आहेत. पुढील चिटणीसाने ती वाचताना प्रत्येक नावापुढे वर्ष आहे की नाही ते आधी पाहावे, इतकीच विनंती.