शिश्नाच्या कातडीवरचे मोत्यासारखे दाणे: गुप्तरोग की नैसर्गिक?

अंघोळ करताना कातडी मागे घेतली आणि शिश्नाच्या टोकाभोवती बारीक दाण्यांची ओळ दिसली, म्हणून घाबरून दवाखान्यात येणारी मुले मी नेहमी बघतो. बहुतेक जण अठरा ते पंचवीस या वयातले असतात. विषय लाजेचा वाटत असल्याने घरी कोणी बोलत नाही. मोबाईलवर फोटो शोधले की चामखिळीचे फोटो समोर येतात आणि भीती आणखी वाढते. यातले बरेचसे दाणे आजार नसतातच. पण काही गोष्टी मात्र दाखवायलाच हव्यात. दोन्हींत फरक कसा करायचा, ते पाहू.

हे दाणे नेमके काय असतात?

वैद्यकीय भाषेत यांना पर्ली पेनाइल पॅप्यूल्स म्हणतात. शिश्नाचे टोक (बोलीभाषेत सुपारी) जिथे संपते, तिथे एक उंचवट्याची कड असते. हे दाणे त्या कडेवर एक, दोन किंवा जास्त ओळींत येतात. आकार साधारण १ ते २ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. रंग पांढरट, गुलाबीसर किंवा कातडीसारखाच असतो. वरच्या बाजूला ते ठळक दिसतात आणि खालच्या बाजूला विरळ होत जातात. खाज, दुखणे, पाणी येणे यातले काहीही होत नाही.

आतून हा दाणा म्हणजे तंतुमय ऊती आणि बारीक रक्तवाहिन्या एवढेच असते. त्यात विषाणू, जंतू किंवा पू नसतो. तो अस्वच्छतेमुळे, हस्तमैथुनामुळे किंवा लैंगिक संबंधामुळे येत नाही आणि जोडीदाराला लागत नाही. वयात आल्यानंतर हे दाणे दिसू लागतात आणि वय वाढेल तसे बऱ्याच जणांत फिके पडतात. सुंता झालेल्या पुरुषांत ते कमी आढळतात.

पिवळसर ठिपके वेगळे

शिश्नाच्या दांड्यावर किंवा वृषणाच्या पिशवीवर रव्याच्या कणासारखे पिवळसर-पांढरे ठिपके दिसत असतील, तर ते बहुधा फोर्डाइस स्पॉट्स असतात. कातडीला तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथी सहसा केसाच्या मुळाशी असतात. काही ग्रंथी केसाशिवाय थेट कातडीखाली असतात, त्याच या. कातडी ताणली की ठिपके जास्त स्पष्ट दिसतात, ही त्यांची ओळख. ओठांवरही असेच ठिपके अनेकांना असतात. ते दाबून फोडू नका. आतून थोडा पांढरा पदार्थ येतो, पण नखाने जखम होऊन तिथे जंतुसंसर्ग होऊ शकतो.

एक उदाहरण

होस्टेलवर राहणारा बावीस वर्षांचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. तीन महिन्यांपूर्वी त्याला दाणे दिसले होते. कोणाशीही संबंध आलेला नव्हता, तरी इंटरनेटवरचे फोटो पाहून त्याने चामखीळ ठरवून टाकली. मेडिकलमधून चामखिळीवर लावायचे औषध आणले आणि दोन रात्री लावले. तिसऱ्या दिवशी लघवीला बसवेना, इतकी आग होत होती.

तपासले तेव्हा टोकाच्या एका बाजूला कातडी भाजून सोललेली होती. दुसऱ्या बाजूला, जिथे औषध लागले नव्हते, तिथे दोन सरळ ओळींत सारख्या आकाराचे गुळगुळीत दाणे होते. निदान तिथेच झाले. रक्ततपासणीची गरज पडली नाही. औषध बंद, कोमट पाण्याने धुणे आणि साधी पेट्रोलियम जेली, एवढ्यावर जखम दहा दिवसांत भरली. दाणे अर्थातच तसेच राहिले. ते तसेच राहणार आणि त्याने काही बिघडत नाही, हे समजावायला मात्र बराच वेळ लागला.

चामखिळीच्या त्या औषधांत कातडी जाळणारे आम्ल असते. ते हातापायांच्या जाड कातडीसाठी असते, शिश्नाच्या नाजूक कातडीसाठी नाही. व्हिनेगर लावून घरी परीक्षा करण्याचा सल्लाही काही जण देतात. त्याने साधी कातडीही पांढरी पडू शकते, त्यामुळे निदान होत नाही. तसेच स्टेरॉइड मिसळलेली मलमे स्वतःहून लावू नका.

चामखीळ कशी ओळखावी?

जननेंद्रियावरची चामखीळ एचपीव्ही या विषाणूमुळे होते आणि संबंधानंतर काही आठवड्यांनी किंवा कित्येक महिन्यांनीही दिसू शकते. तपासताना मी चार गोष्टी पाहतो.

- रचना: नैसर्गिक दाणे ओळीत असतात. चामखिळी विखुरलेल्या किंवा पुंजक्यात असतात.
- आकार: नैसर्गिक दाणे एकसारखे असतात. चामखिळी लहानमोठ्या असतात.
- पृष्ठभाग: नैसर्गिक दाणे गुळगुळीत असतात. चामखीळ बऱ्याचदा खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी असते.
- वाढ: नैसर्गिक दाणे महिनोन्महिने तसेच राहतात. चामखिळी काही आठवड्यांत वाढतात किंवा नव्या येतात.

सुरुवातीची लहान चामखीळ गुळगुळीतही असू शकते. म्हणून शंका असेल तर वाट न पाहता दाखवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- न दुखणारी जखम: ही सिफिलिसची असू शकते. संपर्कानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती येते आणि औषध न घेताही काही आठवड्यांत भरते. इथेच फसगत होते, कारण आजार शरीरात तसाच राहतो. अगदी सुरुवातीला रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, मग ती पुन्हा करावी लागते. वेळेवर पेनिसिलिनने तो बरा होतो.
- पाण्याने भरलेले, दुखणारे फोड: पुंजक्याने येत असतील तर नागीण गटातल्या हर्पीस विषाणूची शक्यता असते.
- मध्ये खड्डा असलेले मोत्यासारखे फोड: हे मोलस्कम असू शकते आणि ते संसर्गजन्य आहे.
- रात्री वाढणारी खाज आणि गाठी: घरात किंवा खोलीत इतरांनाही खाज असेल तर बहुधा खरूज. उपचार सगळ्यांनी एकदम घ्यावा लागतो.
- पुढच्या कातडीला वारंवार चिरा, लाली, पांढरा थर: रक्तातली साखर तपासून घ्या.
- लघवीच्या मार्गातून पू, किंवा चार आठवड्यांत न भरणारी जखम वा गाठ.

असुरक्षित संबंध आला असेल, तर दाणे नैसर्गिक निघाले तरी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर माहिती मिळते.

दाणे काढता येतात का?

त्वचारोगतज्ज्ञ लेसरने ते काढू शकतात. पण तो फक्त दिसण्यासाठीचा उपाय आहे. त्यात वेदना, व्रण आणि रंग बदलण्याचा धोका असतो. नैसर्गिक दाण्यांना मलम, गोळी किंवा पथ्य लागत नाही. रोज साध्या पाण्याने हलक्या हाताने धुणे पुरेसे आहे. घासून ते जात नाहीत, उलट कातडी सोलवटते.

दाणे ओळीत, एकसारखे, न दुखणारे आणि न वाढणारे असतील, तर काळजी सोडा. यातली एक जरी गोष्ट जुळत नसेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवा. तपासणीला जेमतेम दोन मिनिटे लागतात.